‘वी’ म्हणजे आपण की आम्ही? ऐकणारा कोण, ते आधी ठरवा

प्रश्न: इंग्रजी भाषणांचं मराठी भाषांतर करते. ‘वी’ आलं की ‘आपण’ लिहू की ‘आम्ही’, यात दर वेळी अडकते. संपादक म्हणतात, भाषणात सरसकट ‘आपण’ बरं दिसतं, श्रोते जवळ येतात. पण काही ठिकाणी ते विचित्र वाटतं. एकदा सुरुवात ‘आपण’ने केली की शेवटपर्यंत तेच ठेवायचं असतं का? काही पक्की कसोटी आहे का?

उत्तर: शेवटपर्यंत एकच ठेवायचं नसतं. एकाच परिच्छेदात, कधी लागोपाठच्या दोन वाक्यांत शब्द बदलावा लागतो, आणि तो बदलला नाही तर अर्थ चुकतो. संपादकांचा नियम सोयीचा आहे, पण बरोबर नाही.

गोंधळाचं कारण असं की आपण ‘वी’चा अर्थ ‘वी’मध्येच शोधत बसतो. बोलणाऱ्याच्या बाजूला कोण कोण आहे, देश, पक्ष, सरकार की सैन्य, याचा विचार करतो. मराठीला त्याने फरक पडत नाही. बाजूला पाच माणसं असोत की पाच कोटी, मराठी एकच गोष्ट विचारते: ज्याच्याशी बोलणं चाललंय तो यात आहे का? असेल तर आपण, नसेल तर आम्ही. म्हणून ‘आम्ही’ अख्ख्या राष्ट्राएवढं मोठं असू शकतं आणि ‘आपण’ फक्त दोघांचं असू शकतं.

तेव्हा भाषांतराआधीचं काम म्हणजे मूळ भाषण एकदा वाचून प्रत्येक वाक्यासमोर समासात ‘हे कोणाला उद्देशून?’ याचं उत्तर लिहिणं. नागरिक, सभागृह, दुसरं राष्ट्र, विरोधक, असा एकेक शब्द पुरतो. मग प्रत्येक ‘वी’, ‘अस’ आणि ‘अवर’ला एक छोटी परीक्षा द्या. वाक्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘म्हणजे तुम्ही धरून’ असं जोडून पाहा, मग ‘म्हणजे तुम्ही सोडून’ असं जोडून पाहा. दोहोंपैकी एक जोड बहुतेक वेळा हास्यास्पद होते आणि निकाल लागतो. दोन्ही जोडता आल्या तर ते वाक्य खरंच अवघड आहे. त्याकडे शेवटी येऊ.

सरावासाठी जॉन केनेडींचं २० जानेवारी १९६१ चं शपथविधीचं भाषण घ्या. लहान आहे, पाऊण तासात सगळं चिन्हांकित करून होतं, आणि त्यात श्रोता इतक्या वेळा बदलतो की ‘सरसकट आपण’ हा नियम पहिल्या दोन मिनिटांतच मोडतो.

सुरुवातीला केनेडी म्हणतात की आजचा हा सोहळा एका पक्षाच्या विजयाचा नाही, स्वातंत्र्याचा आहे. समोर नागरिक, विषय त्यांचाच सोहळा. ‘आपण आज एका पक्षाचा विजय नव्हे, तर स्वातंत्र्याचा उत्सव साजरा करत आहोत.’ इथे ‘आम्ही’ लिहिलं तर व्यासपीठावरचे लोक खालच्यांना वगळून उत्सव करताहेत असं होईल.

थोडं पुढे गेलं की वाक्य येतं: आमचं भलं चिंतणारं असो की वाईट, प्रत्येक राष्ट्राला कळू दे की स्वातंत्र्य टिकवण्यासाठी कोणतीही किंमत मोजायची तयारी आहे. मैदानात माणसं तीच आहेत, पण बोलणं आता त्यांच्या डोक्यावरून पलीकडे चाललंय. समासात ‘इतर राष्ट्रं’ असं लिहायचं आणि मराठीत ‘आम्ही कोणतीही किंमत मोजू, कोणताही भार उचलू’. ‘आपण कोणतीही किंमत मोजू’ केलं तर दोन घोटाळे होतात. इशारा दिला जातोय तो शत्रूच किंमत मोजणाऱ्यांत येऊन बसतो. किंवा वाचक ते नागरिकांना उद्देशून समजतो आणि जगाला दिलेली ग्वाही घरातल्या घरात दिलेला धीर ठरते.

यानंतर सहा परिच्छेद ओळीने येतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘अमक्यांना’ असं संबोधन: जुने मित्रदेश, नवी स्वतंत्र राष्ट्रं, जगभरच्या झोपड्यांत आणि खेड्यांत राहणारे गरीब, दक्षिणेकडची शेजारी प्रजासत्ताकं, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सगळ्यांत शेवटी विरोधक. पहिलाच परिच्छेद शिकण्यासारखा आहे. जुन्या मित्रदेशांना निष्ठेचं वचन दिलंय. वचन देणारा आणि घेणारा वेगळेच असतात, म्हणून ‘आम्ही वचन देतो’. पण लगेच पुढचं वाक्य: एकजूट असली तर करता येणार नाही असं फार थोडं आहे. या ‘वी’मध्ये मित्रदेश आहेत, नाहीतर एकजूट कोणाची? म्हणून:

‘आम्ही तुम्हाला विश्वासू मित्रांच्या निष्ठेचं वचन देतो. आपण एकत्र असलो तर अनेक कामांत आपल्याला अशक्य असं फारसं काही नाही. फुटलो तर फारसं काहीच करता येणार नाही.’

दोन वाक्यांत दोन शब्द, आणि या बदलामुळेच परिच्छेदाला अर्थ येतो: हात पुढे केला, मग दोन्ही हात एक झाले. इंग्रजीत हे दिसत नाही, मराठीत ऐकू येतं. सलग ‘आम्ही’ ठेवलं तर अमेरिकेला स्वतःच्या अंतर्गत फुटीची धास्ती आहे असं वाचलं जाईल.

दुसऱ्या परिच्छेदात एक अडचण येते. नव्या राष्ट्रांना शब्द देताना केनेडी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत नाहीत, ‘ते’ म्हणतात. म्हणजे व्याकरणाने ती राष्ट्रं तृतीय पुरुषात आहेत. मग समोर कोण? नागरिक? आणि तसं असेल तर ‘आपण त्यांना शब्द देतो’ बरोबर नाही का? अनेक जण इथे घसरतात. शब्द देणं हे असं क्रियापद आहे की ते उच्चारताच कृती घडते. ती ज्याच्यासाठी घडते तो ऐकतोय असं धरावंच लागतं, मग सर्वनाम कोणतंही असो. ‘या राष्ट्रांना आम्ही शब्द देतो’ हेच बरोबर. ‘आपण’ घातलं की ती घरातली मसलत होते: मंडळी, आपण त्यांना शब्द देऊन टाकू या.

विरोधकांच्या परिच्छेदात मात्र खरोखरच मसलत येते. आधी विनंती आहे की दोन्ही बाजूंनी शांततेचा शोध नव्याने सुरू करावा. ती विरोधकांना आहे. पण पुढच्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य: दुबळेपणा दाखवून त्यांना मोहात पाडणं परवडणार नाही. हे कोणी शत्रूच्या तोंडावर म्हणत नाही. केनेडी मान वळवून आपल्या लोकांना सांगताहेत. ‘दुबळेपणा दाखवून आपण त्यांना मोहात पाडता कामा नये.’ उच्चारताच कृती घडवणारं क्रियापद इथे नाही, ‘त्यांना’ खरोखर त्रयस्थ आहे, म्हणून इथे ‘आपण’. वरचं वाक्य आणि हे शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे इंग्रजीत ‘वी’ आणि ‘देम’च आहे.

लगेच पुन्हा वळण: नव्याने सुरुवात करायची, दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायचं की सौजन्य म्हणजे दुबळेपणा नव्हे. इंग्रजी ‘लेट अस’ मराठीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘आम्हाला सुरुवात करू द्या’ ही परवानगी आणि ‘सुरुवात करू या’ हे आवाहन. ‘-ऊ या’ हे रूप समोरच्याला सामील करूनच घेतं. ‘आम्ही सुरुवात करू या’ असं मराठी बोलणारं लहान मूलही म्हणणार नाही. म्हणून हे रूप कसोटी म्हणूनही वापरता येतं: वाक्य ‘-ऊ या’ने नैसर्गिक होत असेल तर श्रोता आत आहे. इथे ‘तेव्हा नव्याने सुरुवात करू या’, आणि त्यात या क्षणी विरोधकांचं मॉस्कोही आहे.

त्यानंतरचं प्रसिद्ध वाक्य, भीतीपोटी वाटाघाटी न करण्याचं आणि वाटाघाटींना न भिण्याचं, हे वर सांगितलेल्या अवघड वाक्यांपैकी आहे. नागरिकांना उपदेश आहे की दोन्ही बाजूंना? दोन्ही वाचनं टिकतात, आणि वक्त्याला ती टिकायला हवी होती असं वाटतं. अशा वेळी जबरदस्तीने सर्वनाम बसवू नका. मराठीकडे ‘नये’ आहे, आणि त्याला माणूस लागत नाही. ‘भीतीपोटी वाटाघाटी करू नयेत, पण वाटाघाटींची भीतीही बाळगू नये.’ कर्ता मोकळा राहिला, जोर गेला नाही. भविष्यकाळी क्रियापदही अशी सोय देतं. ४ जून १९४० च्या चर्चिलांच्या भाषणातलं किनाऱ्यांवर लढण्याचं वाक्य हाऊस ऑफ कॉमन्ससमोर म्हटलेलं आहे, पण ते शत्रूनेही ऐकावं असं आहे. ‘किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, रस्त्यांत लढू’ यात ‘लढू’ दोघांनाही चालतं. सर्वनाम गाळण्याची ही मुभा जपून वापरा. सगळ्याच वाक्यांत वापरली तर भाषण बिनचेहऱ्याचं होतं.

आता केनेडींच्या शेवटाकडे जाण्याआधी ‘आपण’च्या दुखण्याबद्दल, कारण शेवटी तेच आडवं येतं.

मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे. भाषण म्हटलं की भाषांतरकाराचा हात आपोआप ‘आपण सर्व मान्यवर’कडे जातो. वर्तमानकाळात क्रियापद सांभाळून घेतं: ‘आपण जाणतो’ म्हणजे वक्ता धरून, ‘आपण जाणता’ म्हणजे फक्त श्रोते. पण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे पाहतं आणि आधार सुटतो. ‘आपण हा कायदा केला’: कोणी? बोलण्यात ‘केलात’ म्हटलं तर श्रोते हे कळतं, पण औपचारिक लिखाणात तो ‘त’ बहुधा गळतो. ‘करावा’चंही तेच. ‘आपण सर्वांनी विचार करावा’ हे तर निमंत्रणपत्रिकेचं ‘तुम्ही’ आहे. म्हणजे ‘आपण’ला ‘सर्वांनी’ जोडल्याने संदिग्धता जाते हा समज खोटा, उलट वाढते.

उपाय दोन. पहिला, भाषणभर ‘यू’साठी ‘तुम्ही’च ठेवायचं, ‘आपण’ फक्त ‘वी’साठी राखायचं. काहींना ‘तुम्ही’ उद्धट वाटतं. ते तसं नाही, आणि राष्ट्राध्यक्ष नागरिकांशी बोलताना तर अजिबात नाही. दुसरा, भूतकाळी वाक्य असं फिरवायचं की क्रियापदात कर्ता दिसेल. ‘आपण लढा दिला’ संदिग्ध, ‘आपण लढलो’ स्वच्छ. ‘आपण हा कायदा केला’ऐवजी ‘आपण हा कायदा करू शकलो’. तेही जमत नसेल तर ‘तुम्ही-आम्ही मिळून हा कायदा केला’. ‘तुम्ही-आम्ही’, ‘तुमचं-आमचं’ हे जोड थोडे घरगुती आहेत, पण जाहीर सभेत ते उत्तम चालतात.

‘आपला’ आणखी एक खोडी करतो. तो वाक्याच्या कर्त्याकडे परत वळतो: ‘सैनिकांनी आपल्या देशासाठी प्राण दिले’ म्हणजे त्यांच्या देशासाठी की तुमच्या-माझ्या? शत्रूच्या सैनिकांबद्दल हे वाक्य असेल तर अनर्थच. आणि ‘आम्ही आपल्या परीने मदत करू’ यात ‘आपल्या’ निव्वळ ‘स्वतःच्या’ आहे, पण मागच्या वाक्यात ‘आपण’ने मित्रदेश आत घेतले असतील तर ऐकणारा दचकतो. खेड्यांतल्या गरिबांना मदतीचं वचन देणाऱ्या वाक्यात म्हणून ‘आम्ही आमच्याकडून होईल तेवढे प्रयत्न करू’ असंच लिहावं. नियम साधा ठेवा: ‘आम्ही’ कर्ता असलेल्या वाक्यात ‘आमचा’, आणि तृतीय पुरुषी कर्ता असेल तर ‘स्वतःचा’, ‘त्यांचा’ किंवा काहीच नाही. ‘प्राण दिले’ म्हटलं तरी कोणाचे ते कळतं.

आता केनेडींचं शेवटाजवळचं वाक्य पाहा: माझ्यापेक्षा तुमच्या हाती, नागरिकांनो, या वाटचालीचं यशापयश आहे. आदरार्थी ‘आपण’ वापरणाऱ्याचं भाषांतर असं होतं: ‘माझ्यापेक्षा आपल्या हाती आपल्या वाटचालीचं यशापयश आहे.’ पहिलं ‘आपल्या’ वक्त्याला वगळतं, दुसरं सामावून घेतं, आणि वाचकाला दोन्ही सारखीच. वाक्याचा सगळा भार ‘माझ्या नव्हे, तुमच्या’ या विरोधावर होता, तो विरघळला. ‘माझ्यापेक्षा तुमच्या हाती आपल्या वाटचालीचं यशापयश आहे’ हे नीट उभं राहतं.

आणि मग शेवटची चार वाक्यं. देश तुमच्यासाठी काय करील ते विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा, हे नागरिकांना. इथे ‘वी’ नाही. पुढचं जगाच्या नागरिकांना: ‘अमेरिका तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका. माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आपण मिळून काय करू शकू हे विचारा.’ श्रोता जग, ‘मिळून’ स्पष्ट, म्हणून ‘आपण’, आणि हे संपूर्ण भाषणातलं सर्वांत विशाल ‘आपण’. तिसरं वाक्य म्हणतं: तुम्ही अमेरिकेचे नागरिक असा की जगाचे, आमच्याकडून त्याच बळाची आणि त्यागाची अपेक्षा ठेवा, जी आम्ही तुमच्याकडून ठेवतो. इथे ‘तुम्ही’मध्ये अमेरिकी नागरिकही गेले. मग ‘आम्ही’त उरलं कोण? फक्त नवं सरकार. आधी जगाला इशारा देताना ‘आम्ही’ म्हणजे अख्खी अमेरिका होती, इथे ती मूठभर माणसं झाली. मराठीत रूप तेच, ‘आम्ही’, आणि तेच बरोबर. काही जण या ठिकाणी ‘आपल्याकडून’ लिहितात, आणि मग वाक्य वाचून काहीच कळत नाही: कोण कोणाकडून अपेक्षा ठेवतंय?

चौथं आणि शेवटचं वाक्य पुन्हा अमेरिकी लोकांकडे येतं, ज्या भूमीवर प्रेम आहे तिचं नेतृत्व करायला निघू या, असं. ‘-ऊ या’ आलं म्हणजे श्रोता आत. ‘भूमी’पुढे ‘आपल्या’ लावलं तरी चालेल, कारण जगाचे नागरिक या वाक्यातून बाहेर पडलेत.

आता राहिलं ते खरंच दोन्हीकडे झुकणारं ‘वी’, जिथे सर्वनाम गाळूनही सुटका नाही. नमुना म्हणून लिंकन यांचं १९ नोव्हेंबर १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण. दहा वाक्यं, त्यांत दहा ‘वी’. नऊ निर्विवाद ‘आपण’: यादवी युद्धात गुंतलोय, रणभूमीवर जमलोय, भूमी अर्पण करायला आलोय. पण एक आहे: इथे जे बोललं जातंय त्याची जग फारशी नोंद घेणार नाही. जमलेले सगळे बोलत नव्हते. बोलले व्यासपीठावरचे मोजके, आणि लिंकनच्या आधी त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले होते. शब्दशः पाहिलं तर ‘आम्ही इथे काय बोलतो’. पण मग पुढचं ‘आपण जिवंत राहिलेल्यांनी’ हे वाक्य येईपर्यंत ऐकणारे दोन क्षण बाहेर फेकले जातात. दुसरीकडे ‘आम्ही’ने वक्त्याची नम्रता फार सुंदर उतरते: आम्हा बोलणाऱ्यांचं काही नाही, त्या लढणाऱ्यांचं आहे. मी ‘आपण’ निवडेन, कारण भाषणाचा सगळा ओघ जिवंत आणि मृत यांच्यातल्या फरकाचा आहे, वक्ते आणि श्रोते यांच्यातल्या नव्हे. ‘आम्ही’ निवडणाऱ्याला मात्र चूक म्हणता येणार नाही. ‘इथे बोललेले शब्द जग विसरेल’ ही पळवाट आहे, आणि इथे ती घेऊ नये: ‘बोलणारे’ आणि ‘करणारे’ समोरासमोर हवेत, त्यासाठी सर्वनाम लागतंच.

एक अपवाद वाटणारी गोष्ट, कारण ती कोणीतरी दाखवतंच: संविधानाच्या उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक’ आहे, ‘आपण’ नाही, आणि ते तर सगळ्यांना सामावणारं आहे. बरोबर, पण उद्देशिका हे भाषण नाही. तिथे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे मिळून जाहीर करताहेत. ज्याला ऐकवलं जातंय तो लोकांच्या बाहेर आहे. त्याच मजकुरातलं वाक्य एखाद्या वक्त्याने सभेत समजावून सांगताना म्हटलं तर ‘आपण भारताचे लोक’ होईल. ठराव, जाहीरनामा, प्रतिज्ञापत्र यांत ‘आम्ही’, आणि त्यांवरच्या चर्चेत ‘आपण’, ही विभागणी इंग्रजी भाषणाच्या मधोमध असा मजकूर उद्धृत केलेला असला की फार उपयोगी पडते.

हिंदीवरून मराठीत आणताना हीच अडचण दुप्पट होते. हिंदीच्या ‘हम’ला हा भेद नाही, आणि ‘हमारा’ दिसलं की ‘आमचा’ लिहिण्याची सवय लागलेली असते. त्यामुळे इंग्रजीचं आधी झालेलं हिंदी भाषांतर समोर ठेवून काम करत असाल तर समासातल्या नोंदी इंग्रजीवरूनच करा. गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा हाच भेद आहे, त्यामुळे शंकेच्या जागी गुजराती भाषांतर मिळालं तर ते पाहायला हरकत नाही.

तपासणी करताना मूळ बाजूला ठेवा आणि मराठी मोठ्याने वाचा. प्रत्येक ‘आम्ही’ला समोर कोणीतरी माणूस बसलाय असं धरून ‘तुम्ही नाही’ म्हणून पाहा. त्याला राग येईल अशी जागा सापडली की समासातली नोंद पुन्हा बघा. आणि प्रत्येक ‘आपण’पाशी क्रियापदाचा शेवट तपासा. ‘-तो’, ‘-लो’, ‘-ऊ’ असेल तर सुरक्षित, नसेल तर वाक्य फिरवा.